"फार लांबलंय" एवढाच शेरा आलाय. प्रकरणातलं काय ठेवू, काय काढू?

निशिगंध

मंडळी, मदत हवी आहे. प्रबंधाचं तिसरं प्रकरण (संशोधन पद्धती) तीन आठवड्यांपूर्वी सामायिक फोल्डरमध्ये अपलोड केलं. काल गाईड मॅडमचं उत्तर आलं. अख्खं उत्तर असं: "फार लांबलंय. कमी कर." संपलं. किती कमी करू, कुठून करू, काहीच नाही.

विषय थोडक्यात सांगते. रुग्णालयात ड्यूटी बदलताना एक परिचारिका दुसरीला रुग्णांची माहिती देते, तो हँडओव्हर. त्यात काय सांगायचं राहून जातं आणि का, हा माझा प्रश्न. दोन वॉर्ड, ३१ मुलाखती, ४४ हँडओव्हर प्रत्यक्ष बसून पाहिलेले.

प्रकरण १८,४०० शब्दांचं आहे. प्रबंधाची मर्यादा ८०,००० आणि सगळी प्रकरणं मिळून ७६,४०० होतात, म्हणजे मर्यादेच्या आतच आहे मी. मग लांब कसं? तीनदा वाचलं, मला त्यातलं प्रत्येक वाक्य गरजेचं वाटतं. दोन दिवसांत विशेषणं काढून काढून ३१० शब्द कमी केलेत.

चिंतामणराव

ताई, यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही. अपलोड केलेली फाइल मोठी झाली की असं होतं. आतली चित्रं कमी रिझोल्यूशनची करा आणि पीडीएफ पुन्हा बनवा. माझी ४८ एमबीची फाइल ६ वर आली होती.

बोरू_बहाद्दर

चिंतामणराव, त्यांच्या मॅडमना फाइल उघडता आली, हाच तर प्रॉब्लेम आहे.

(ह.घ्या.)

रानवारा

सोपा उपाय. मुलाखतीचे प्रश्न, संमतिपत्र, निरीक्षणाचा तक्ता, कोडची यादी हे सगळं परिशिष्टात टाका. परिशिष्ट शब्दमर्यादेत धरत नाहीत. माझं पद्धतीचं प्रकरण असंच ६,००० शब्दांनी उतरलं. तळटिपाही सरसकट उडवा, कुणी वाचत नाही.

लेखणीबंद

आधी मोजा तरी कुठे किती आहे ते. लाटेकमध्ये असाल तर एका ओळीचं काम आहे:

```
texcount -sub=section prakaran3.tex
```

प्रत्येक विभागाचे शब्द वेगळे मिळतात. एकूण आकड्याकडे बघून कुठे कापायचं ते कळत नाही.

निशिगंध

@लेखणीबंद, वर्डमध्ये आहे. पण एकेक विभाग निवडून मोजला:

३.१ प्रस्तावना ९००
३.२ तत्त्वज्ञानात्मक बैठक ३,८००
३.३ संशोधन आराखडा २,३००
३.४ स्थळ आणि सहभागी २,१००
३.५ माहिती संकलन ३,२००
३.६ विश्लेषण ३,४००
३.७ विश्वासार्हता १,५००
३.८ नैतिक बाबी ८००
३.९ समारोप ४००

@रानवारा, प्रश्नावली आणि संमतिपत्र आधीच परिशिष्टात आहेत हो.

सप्तपर्णी

मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन केलं, आता निवृत्त आहे. "फार लांबलंय" हा शेरा मीही दिलेला आहे, त्यामुळे मागची मानसिकता सांगू शकते. ती जरा लाजिरवाणी आहे.

गाईड शब्द मोजत बसत नाही. वाचता वाचता एका जागी तिला कंटाळा येतो. पुढचं ती चाळते, आणि चाळल्यावर नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही म्हणून "लांबलंय" लिहून मोकळी होते. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की मॅडमनी फाइलमध्ये बारीकसारीक काही खुणा केल्या आहेत का? केल्या असतील तर शेवटची खूण कितव्या पानावर आहे?

मर्यादेचं म्हणाल, तर ८०,०००चा इथे संबंधच नाही. सहा प्रकरणांपैकी एकच प्रकरण प्रबंधाचा जवळजवळ चौथा हिस्सा खातंय, आणि ते तुमच्या निष्कर्षांचं प्रकरण नाही. निष्कर्षांची प्रकरणं केवढी आहेत?

निशिगंध

चौथं १५,०००, पाचवं १६,०००. म्हणजे पद्धत निष्कर्षांपेक्षा मोठी झालीय, हे आत्ता लिहिताना दिसलं. 🤦

खुणा आहेत. पान ४ वर एक स्वल्पविराम, पान ९ वर "संदर्भ?", पान १३ वर एका वाक्याखाली नुसती रेघ. त्यानंतर काही नाही. प्रकरण ६२ पानांचं आहे. मला वाटलं होतं, पुढचं आवडलं असेल.

बोरू_बहाद्दर

"पुढचं आवडलं असेल" 😂 प्रबंध लिहिणाऱ्यांचा आशावाद हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे.

सप्तपर्णी

१३व्या पानावर कुठला विभाग चालू आहे?

निशिगंध

३.२. वास्तववाद, रचनावाद, मग व्याख्यात्मक परंपरा कशी आली वगैरे. रेघ मारलेलं वाक्य: "ज्ञान हे शोधले जाते की घडवले जाते, हा प्रश्न प्राचीन काळापासून चर्चिला गेला आहे."

सप्तपर्णी

मग मॅडम कुठे थांबल्या ते कळलं. ६२ पैकी १३ पानं वाचून झाली आणि अजून एकही परिचारिका आलेली नाही!

आता कापायचं कसं ते सांगते. विशेषणं काढून होत नाही हे काम. ३१० शब्दांना दोन दिवस लागले, या चालीने वर्ष जाईल. वाक्याच्या पातळीवर बघितलं की प्रत्येक वाक्य गरजेचंच वाटतं, कारण ते शेजारच्या वाक्याला धरून असतं. परिच्छेदाच्या पातळीवर या. प्रकरण छापून घ्या आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तीनपैकी एकच शब्द लिहा.

"मी": यात मी काय केलं ते आहे.
"का": दुसरं काही न करता हेच का केलं, ते आहे.
"पुस्तक": यात पद्धतीच्या पुस्तकात असतं ते आहे.

शंका आली तर एकच विचारा: हाच परिच्छेद दुसऱ्या कुणाच्या, दुसऱ्या विषयाच्या प्रबंधात जसाच्या तसा चिकटवला तर कुणाला कळेल का? कळणार नसेल तर तो "पुस्तक". आधी ३.६ वर करून बघा. ३.२ वर नको, तिथे रडू येईल.

मेघमल्हार

अगदी माझीच गोष्ट! मलाही "लांब आहे" म्हणाले होते, दुसऱ्या प्रकरणाबद्दल. पूर्वसंशोधनाचा आढावा, १४० संदर्भ, प्रत्येकाला एक परिच्छेद. "अमुक यांनी अभ्यास केला, तमुक यांना आढळले." शेवटी संशोधकांच्या नावाने लावलेले परिच्छेद मोडले आणि प्रश्नांनुसार लावले. एका प्रश्नाखाली ज्या नऊ जणांचं म्हणणं एकच निघालं, ते नऊ परिच्छेद एका वाक्यात बसले, कंसात नऊ नावं. निशिगंध, तुम्हीही संदर्भ असेच गटाने लावा.

निशिगंध

@मेघमल्हार, धन्यवाद, पण माझं पद्धतीचं प्रकरण आहे. आढाव्याबद्दल अजून कुणी काही बोललेलं नाही. (तेही १४,०००चं आहे. त्या दिवसाची वाट बघतेय.)

@सप्तपर्णीताई, ३.६ वर केलं. १७ परिच्छेद. "पुस्तक" १०, "मी" ५, "का" २. हात थरथरला. ब्राऊन आणि क्लार्क यांच्या २००६ च्या लेखातल्या सहा पायऱ्या मी एकेक करून समजावल्यात, प्रत्येकीला दीड परिच्छेद. नमुना देते:

"संकल्पनाधिष्ठित विश्लेषण ही गुणात्मक संशोधनातील एक लवचिक व सर्वमान्य पद्धत आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात संशोधकाने संकलित माहितीशी सखोल परिचय करून घेणे अभिप्रेत असते. त्यासाठी प्रतिलेखनांचे वारंवार वाचन आवश्यक ठरते. प्रस्तुत संशोधनातही संशोधिकेने सर्व प्रतिलेखने वारंवार वाचून माहितीशी परिचय करून घेतला."

अवधूत_क

शेवटचं वाक्य मजेदार आहे. "पुस्तकात वाचा असं लिहिलंय. मीही वाचलं."

निशिगंध, पुस्तक बाजूला ठेवून सांगा, वाचताना झालं काय? एखादी गोष्ट लक्षात आली, काही बदललं, काही परत करावं लागलं?

निशिगंध

बदललं ना. पहिल्या नऊ मुलाखती कोड करून झाल्यावर लक्षात आलं, की "विसरले" आणि "सांगितलं नाही" हे मी एकाच कोडखाली टाकतेय, पण बोलणाऱ्या ते वेगळ्या अर्थाने वापरतात. "विसरले" म्हणजे खरंच डोक्यातून गेलं. "सांगितलं नाही" म्हणजे समोरचीला ते माहीतच असणार असं गृहीत धरलं. मग नऊच्या नऊ मुलाखती पुन्हा पहिल्यापासून कोड केल्या. एक महिना गेला.

अवधूत_क

आणि हे प्रकरणात कुठे आहे?

निशिगंध

…नाहीये. मला वाटलं ती माझी चूक झाली होती, ती कशाला लिहायची.

सप्तपर्णी

अहो, तुमचं पाचवं प्रकरण याच फरकावर उभं असणार!

निशिगंध

हो. शीर्षकच "विसरणे आणि गृहीत धरणे" आहे.

सप्तपर्णी

मग हे ठेवायचं. काय ठेवायचं ते तिसरं प्रकरण वाचून ठरत नाही, चौथं-पाचवं वाचून ठरतं. निष्कर्षांच्या प्रकरणांत जी जी विधानं तुम्ही ठासून केली आहेत ती एका कागदावर काढा. दहा-बारा निघतील. प्रत्येकापुढे लिहा, की परीक्षकाने "कशावरून?" विचारलं तर तिसऱ्या प्रकरणातला कुठला परिच्छेद दाखवाल. ज्या परिच्छेदाकडे एकही बाण जात नाही, तो जाऊ शकतो. आणि ज्या विधानाला परिच्छेदच सापडत नाही, तिथे लिहायचं राहिलंय. लांबलेल्या प्रकरणात हे हमखास असतं, की सगळं आहे आणि नेमकं तेच नाही.

वरचा परिच्छेद नव्याने लिहून दाखवा बरं.

निशिगंध

प्रयत्न:

"विश्लेषणासाठी ब्राऊन आणि क्लार्क (२००६) यांची पद्धत वापरली. प्रतिलेखन मी स्वतः केले. पहिल्या नऊ मुलाखती कोड केल्यावर ‘विसरले’ आणि ‘सांगितलं नाही’ या शब्दप्रयोगांत सहभागी फरक करतात असे दिसले. त्यामुळे दोन्हींसाठी स्वतंत्र कोड करून त्या नऊ मुलाखती पुन्हा कोड केल्या. हा फरक प्रकरण ५ चा आधार आहे."

अवधूत_क

शब्द जवळपास तेवढेच, पण आता यात माणूस आहे. शिवाय मागचे दीड-दीड परिच्छेद याच्यामुळे जातील ते वेगळं.

रानवारा

हे सगळं छान, पण मी म्हणतो ते झटपट होतं. "पुस्तक" परिच्छेद परिशिष्टात टाका ना. काही हरवत नाही आणि शब्दही मोजले जात नाहीत.

अवधूत_क

रानवारा, दोन अडचणी. एक, परिशिष्ट मोजत नाहीत हे सगळीकडे खरं नाही. केंब्रिजच्या अभियांत्रिकी विभागात मर्यादा ६५,०००ची आहे आणि परिशिष्टं, तळटिपा, तक्ते सगळं त्यातच धरतात. आपल्या विद्यापीठाचा नियम आधी वाचलेला बरा.

दुसरी अडचण मोठी आहे. परिशिष्ट हे पडताळणीसाठी असतं. पूर्ण प्रश्नावली, पूर्ण कोडयादी, कोरा निरीक्षण तक्ता तिथे शोभतो, तिथवर तुम्ही बरोबर आहात. पण परीक्षक ते वाचेलच असं धरून चालता येत नाही. ज्यावर निष्कर्ष टेकलाय ते तिथे गेलं, तर त्याच्या लेखी ते नाहीच. आणि ज्यावर काहीच टेकलेलं नाही, ते तिथे तरी कशाला?

कोकीळ

३.२ बद्दल मला वेगळं वाटतं. तत्त्वज्ञान उडवा असा सूर लागलाय, पण आमच्या व्हायवात बहिःस्थ परीक्षकांनी पहिली २० मिनिटं फक्त त्यावरच घालवली. "तुम्ही मुलाखतीतल्या बोलण्याला वस्तुस्थिती मानता की कथन?" मी ते प्रकरणातून कापलं होतं. घाम फुटला.

दुसरं असं, की निशिगंधताई, तुम्ही स्वतः परिचारिका होतात का? लिहिण्यावरून वाटतंय.

निशिगंध

होते. सहा वर्षं. दोनपैकी एका वॉर्डात काम केलंय. ते ३.२ च्या शेवटी एका वाक्यात आहे: "संशोधिकेस या क्षेत्राचा अनुभव आहे."

कोकीळ

म्हणजे ३,८०० शब्दांपैकी जे फक्त तुमचंच आहे त्याला एक वाक्य!

गुणात्मक मुलाखतींसाठी कोरेक नावाची २००७ ची तपासयादी आहे, ३२ मुद्द्यांची. तिचा पहिला भागच मुलाखत घेणाऱ्याबद्दल आहे: तो कोण, आधीपासून ओळख होती का, सहभागींना त्याच्याबद्दल काय माहीत होतं. तुमच्या जुन्या सहकारी तुम्हाला "विसरले" म्हणताना संकोचल्या असतील, किंवा उलट मोकळ्या झाल्या असतील. हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. मी तरी याला ६०० शब्द देईन.

अवधूत_क

६०० जास्त होतील. २०० पुरे. आत्मपरीक्षणाचा विभाग रंगत गेला की संशोधनापेक्षा संशोधकच मोठा होतो. पण एका वाक्यापेक्षा जास्त हवं, हे मान्य.

तत्त्वज्ञानाबद्दल कोकीळ यांचं अर्धं पटतं. परीक्षकाने जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर दोन परिच्छेदांत देता येतं: मी बोलण्याला काय मानते आणि त्यामुळे विश्लेषणात काय वेगळं केलं. वास्तववादाचा इतिहास विचारला नव्हता ना त्यांनी?

कोकीळ

विचारला नव्हता, पण मला उत्तर येत असतं तर ते त्याच इतिहासातून आलं असतं. त्यामुळे मी अजूनही म्हणेन, १,५००च्या खाली जाऊ नका.

लेखणीबंद

म्हणूनच कापलेलं पुसायचं नाही. "वगळलेलं_३" अशी वेगळी फाइल करा आणि विभागाच्या क्रमांकासकट तिथे चिकटवत जा. व्हायवाच्या आधी तीच वाचायची. दुसरा फायदा म्हणजे कापताना हात जड होत नाही.

बोरू_बहाद्दर

माझी "वगळलेलं" फाइल प्रबंधापेक्षा मोठी आहे. तीच सबमिट करावी असा विचार आहे.

अवधूत_क

निशिगंध, एक विचारायचं राहिलं. जास्त जणींना विचारून ३१ मिळाल्या, की ३१ जणींनाच विचारलं होतं? वर फक्त ३१ लिहिलंय.

निशिगंध

अरे हो, ३८ जणींना विचारलं होतं. सात जणींनी नकार दिला. तळटीप १९ मध्ये आहे.

अवधूत_क

त्या सात कोण होत्या?

निशिगंध

पाच कायम रात्रपाळीच्या. रात्रभर जागून सकाळी मुलाखतीला थांबायला नको म्हणाल्या, साहजिक आहे.

अवधूत_क

आणि रात्रपाळीच्या हँडओव्हरबद्दल तुम्ही पुढे काही म्हटलंय का?

निशिगंध

पाचव्यात एक पूर्ण विभाग आहे. "सकाळच्या हँडओव्हरमध्ये गृहीत धरणे अधिक."

बापरे.

सप्तपर्णी

आणि रानवारांच्या सल्ल्याने तळटिपा सरसकट उडाल्या असत्या, तर हेही गेलं असतं! सकाळी माहिती देते ती रात्रपाळीची परिचारिका, आणि त्यांतल्याच बऱ्याच जणी बोललेल्या नाहीत. म्हणजे "गृहीत धरलं" हे बहुतेक घेणारीच्या तोंडून आलंय, देणारीच्या नाही. निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण तो कुणाच्या नजरेतून आहे ते सांगावं लागेल. ही तळटीप ३.४ च्या मजकुरात, पहिल्या पानावर आणा. तिला जागा लागेल ती द्या, आणि ४४ निरीक्षणांपैकी सकाळची किती तेही तिथेच लिहा. निरीक्षणात देणारीही दिसते, तो तुमचा आधार आहे.

रानवारा

तळटिपांबद्दल शब्द मागे घेतो. 🙏 परिशिष्टाबद्दल नाही.

मेघमल्हार

एक शंका. विश्वासार्हतेचा विभागही "पुस्तक"च निघणार ना? आम्ही सगळे लिंकन आणि गुबा यांचे १९८५ चे चार निकष लिहितो, आणि प्रत्येकाखाली "हा निकष पाळला".

अवधूत_क

निकषांची नावं एका वाक्यात येतात. राहतं ते तुम्ही काय केलं. दुसऱ्या कुणी काही मुलाखती कोड केल्या का? किती? मतभेद कुठे झाला आणि तो कसा मिटला? एक खरा मतभेद लिहिला तर तो चार निकषांच्या व्याख्यांपेक्षा जास्त पटतो.

निशिगंध

एका मैत्रिणीने पाच कोड केल्या होत्या. मतभेद झाला तोही त्याच "सांगितलं नाही"वरून. तिने एक प्रसंग "घाई" खाली टाकला, मी "गृहीत" खाली. आम्ही ध्वनिमुद्रण परत ऐकलं. बोलणारी म्हणते, "वेळ होता, पण तिला ठाऊकच होतं." तोच आता ३.७ मध्ये टाकते.

सप्तपर्णी

उत्तम. आता शेवटचं. कापायच्या आधी मॅडमना एक पानाचा तक्ता पाठवा. विभाग, आत्ताचे शब्द, होतील ते शब्द, आणि एका ओळीत काय राहणार. "किती कमी करू?" असं विचारू नका, त्याला पुन्हा "बरंच" असंच उत्तर येईल. तक्ता समोर असला की माणूस बोट ठेवून बोलतो. आणि कापून झाल्यावर अपलोड करताना जुन्या फाइलवर चढवू नका, नव्या नावाने टाका.

निशिगंध (बारा दिवसांनी)

धागा वर काढतेय, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं.

तक्ता पाठवला. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आणि या वेळी सहा ओळींचं! मॅडमनी लिहिलं, की ३.४ वाढतंय ते बरं, ३.५ मधली निरीक्षणाची वेळापत्रकं परिशिष्टात टाक (रानवारा, हा एक गुण तुमचा), आणि ३.२ बद्दल प्रत्यक्ष बोलू.

आता स्थिती अशी आहे: ३.१ २००, ३.२ ९००, ३.३ १,०००, ३.४ २,२००, ३.५ २,३००, ३.६ २,४००, ३.७ ६००, ३.८ ५००. समारोप गेला, त्यात आधीचंच परत होतं. एकूण १०,१००. पहिली परिचारिका आता दुसऱ्या पानावर येते.

सगळ्यात जास्त गेलं ते ३.२ मधून, पण अवघड गेलं ३.३. "प्रकरण-अभ्यास म्हणजे काय" हे लिहायला मला दोन महिने लागले होते. ते काढताना वाटलं, तेवढे दिवस मी काय केलं ते आता कुणालाच दिसणार नाही. पण खरंच कुणालाच नको होतं ते. लेखणीबंद म्हणाले तसं वेगळ्या फाइलमध्ये ठेवलंय.

३.२ चा वाद मिटलेला नाही. मॅडम कोकीळच्या बाजूने झुकतायत असं वाटतं, म्हणजे ९०० चे १,२०० होतील बहुधा. माझ्या परिचारिका असण्याला सध्या ३५० शब्द आहेत, अवधूत आणि कोकीळ दोघांनाही न पटणारे.

कोकीळ

३५०! सौदा झाला म्हणायचा.

चिंतामणराव

ताई, अभिनंदन. आता माझ्या लक्षात आलं प्रश्न काय होता ते.

निशिगंध

चिंतामणराव 😄

आणि आता नवीन घोळ. कापताना कळलं, की तिसऱ्यात सगळीकडे ३१ मुलाखती आहेत आणि चौथ्यातल्या तक्त्याची बेरीज ३० येते. एकीने ध्वनिमुद्रण नको म्हटलं होतं, तिच्या मी हाताने नोंदी घेतल्या होत्या. आकडा ३१ लिहू की ३०?

अवधूत_क

त्या नोंदी कोड केल्या का?

निशिगंध

केल्या. पण चौथ्यातला तक्ता प्रतिलेखनांवरून केलाय, त्यात ती नाही.

अवधूत_क

मग ३.५ मध्ये "३१ मुलाखती, त्यांपैकी ३० ध्वनिमुद्रित, एक हस्तलिखित नोंदींवरून" असं लिहा, आणि चौथ्यातल्या तक्त्याखाली "ध्वनिमुद्रित ३० मुलाखतींवर आधारित" अशी ओळ टाका. तिच्या नोंदींतून एखादं अवतरण कुठे अवतरणचिन्हात दिलंय का, तेही शोधा. दिलं असेल तर चिन्हं काढावी लागतील, कारण ते तिचे शब्द असल्याची खात्री देता येणार नाही.

निशिगंध

दोन ठिकाणी दिलंय. बदलते.